भडंगात कांदा नको: एका ओळीच्या प्रोफाइलवरून गप्पा

"मॅडम, डेटिंग ॲपवर मॅच झालंय पण तिच्या प्रोफाइलवर काहीच लिहिलेलं नाही. तीन फोटो आणि एक ओळ, बस्स. दोन दिवस झाले, नुसता टाइप करतोय आणि खोडतोय. सुरुवात कशावरून करू?"

असाच प्रश्न घेऊन मागच्या वर्षी एक मुलगा माझ्याकडे आलेला, मूळचा तासगावकडचा, सांगलीत अकाउंट्सचं काम करणारा. त्याच्या परवानगीने सांगतेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय. त्याच्या समोरच्या प्रोफाइलवरही तीनच फोटो होते. एकात नुसता चेहरा, दुसऱ्यात ती पाठमोरी आयर्विन पुलावर उभी आणि खाली कृष्णेचं गढूळ, चढलेलं पाणी, तिसऱ्यात हातात भडंगाचा कागद. आणि ओळ काय, तर "भडंगात कांदा घालणाऱ्यांनी लांब राहावे".

त्याने तीन मेसेज लिहून ठेवलेले. पहिला "हाय, कशी आहेस", दुसरा डोळ्यांचं कौतुक, आणि तिसरा, जो त्याला सगळ्यात चांगला वाटत होता, "प्रोफाइलवर काहीच लिहिलं नाहीस, सांग ना स्वतःबद्दल". मी त्याला म्हटलं, हा तिसराच सगळ्यात जड आहे बघ, कारण यात आधी तक्रार आहे आणि मग सगळं काम तिच्यावर टाकलंय. अनोळखी माणसाला स्वतःबद्दल निबंध कोण लिहून देईल? आणि पहिले दोन कुठल्याही मुलीला जसेच्या तसे पाठवता येतात, ते तिलाही कळतंच.

प्रोफाइल रिकामी दिसली की मुलं धरून चालतात की हिला इंटरेस्ट नाही किंवा हिला माज आहे. पण सांगलीसारख्या गावात कारण बऱ्याचदा साधं असतं, चुलतभाऊ, ऑफिसमधला कुणी, शेजारच्या काकूंचा मुलगा, कुणीही त्याच ॲपवर असू शकतो, म्हणून मुली ओळख पटेल असं काही लिहीतच नाहीत. त्यामुळे आडनाव काय, कुठल्या गल्लीत राहतेस, ऑफिस कुठं, हे सुरुवातीला विचारायचंच नाही, आणि फोटोवरून तिचं इन्स्टा शोधून "सापडलीस बघ" म्हणायचं तर अजिबात नाही. ती गोष्ट तिने मुद्दाम झाकलीय.

मग आम्ही फोटो परत बघितले. त्याला पुलाचा फोटो आवडलेला, तो लिहिणार होता, "पूर बघायला गेलेलीस काय, मजा आली असेल ना". तिथं मी त्याला थांबवलं. आयर्विनला पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 ला धोका, हे सांगलीत लहान पोरालाही माहितेय, आणि 2019 ला कुणाच्या घरात किती पाणी शिरलं हे फोटोवरून कळत नाही. एखाद्या जागेमागं दुखणं असू शकतं असं वाटलं तर त्यावर पहिला मेसेज नको, ती बोलली तर मग बोलायचं.

राहिली ओळ. ती तिने स्वतः लिहिलीय, म्हणजे त्यावर कुणी बोलावं असं तिला वाटतंय आणि सूर पण तिनेच दिलाय, हलका, भांडखोर. तर त्याने शेवटी पाठवलं ते असं: "कांदा बंद, मान्य. पण आमच्या घरी भडंगावर लिंबू पिळतात, ते चालेल की तेपण बंद?" बघा, यात तिची गोष्ट आहे, थोडं स्वतःचं घर आहे, आणि उत्तर बसस्टॉपवर उभ्या उभ्या दोन शब्दांत देता येतं.

दोन दिवसांनी उत्तर आलं, "लिंबू चालेल. शेंगदाणे जास्त पाहिजेत."

मग गडी इतका खूश झाला की एका दमात चार प्रश्न पाठवले, आणि ती गप्प. हे फार जणांचं होतं. त्याला म्हटलं एकाच गोष्टीवर थांब, शेंगदाण्यावरच बोल, पुढचा प्रश्न तिच्या उत्तरातून येऊ दे. चार दिवसांनी त्याने एकच ओळ टाकली, आईने केलेल्या भडंगातले शेंगदाणे तो लहानपणी कसे वेचून खायचा ते, प्रश्न नाही काही नाही, आणि गाडी चालू झाली. तिनं याच्यावरही उत्तर दिलं नसतं तर पुढे मेसेज करायचा नाही, असं आमचं आधीच ठरलेलं. उत्तर न येणं खूपदा होतं, मेसेज कितीही चांगला असला तरी.

एक मात्र तपासा. सगळे फोटो मॉडेलिंगसारखे, तुम्ही विचारलेलं सोडून भलतंच उत्तर, पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲप नंबरची घाई आणि मग पैशाचा किंवा गुंतवणुकीचा विषय, असं दिसलं तर गप्पा तिथंच बंद करा, पैसे पाठवू नका आणि प्रोफाइल रिपोर्ट करा.

त्या दोघांचं तिसऱ्या आठवड्यात पुलाच्या फोटोवर बोलणं झालं, विषय तिनेच काढला. 2019 ला त्यांच्या घरात माळ्यापर्यंत पाणी आलेलं, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात ती पुलावर जाऊन पाणी बघून येते.