माकडं घरात, बागेत का घुसतात?

प्रश्न: आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत माकडं खिडकीतून आत येतात, गावी काकांच्या केळी-नारळातपण तोच त्रास. ती अशी का करतात आणि इजा न करता नक्की काय चालतं?

मी मुलुंडला, नॅशनल पार्कच्या भिंतीपासून दोन गल्ल्या सोडून राहतो, त्यामुळे या विषयावर मला विचारू नये असं घरचे म्हणतात, पण तुम्ही विचारलंत.

आमच्याकडे आधी काळ्या तोंडाच्या वानराचे पुठ्ठ्याचे कटआउट लावले. २०२३ ला दिल्लीत जी-२० च्या वेळी असलेच लावले होते, ते सेक्रेटरींनी टीव्हीवर पाहिलेलं. चौथ्या दिवशी एक पिल्लू त्याच कटआउटच्या डोक्यावर बसून आमच्याच घरातली केळी सोलत होतं. जे हलत नाही, चावत नाही, त्याला माकड किती दिवस घाबरणार? प्लास्टिकचा साप, खेळण्यातला वाघ, सगळ्यांचं तेच.

मग मी वैतागून तीन आठवडे वहीत लिहून ठेवलं, किती वाजता आली, कुठून आली, काय नेलं. बायको हसायची. पण त्यातून दिसलं ते असं, की टोळी शनिवारी सकाळी सात ते नऊच्या मधे हमखास यायची आणि इतर वारी फक्त कचऱ्याची गाडी उशिरा आली तर. शनिवारी का, तर समोरच्या विंगमधले काका मारुतीचा वार म्हणून गच्चीवर केळी आणि बिस्किटं ठेवायचे! जंगलात पानं, फळं, किडे शोधत दिवस जातो तेव्हा पोट भरतं, इथे एका पुड्यात काम होतं. त्यात आपल्याकडच्या या लाल तोंडाच्या, डोक्यावर केसांची टोपी असलेल्या माकडांना गालात पिशव्या असतात, अर्ध्या मिनिटात कोंबायचं आणि झाडावर जाऊन निवांत चावायचं, म्हणून तुम्ही काठी आणेपर्यंत कार्यक्रम संपलेला असतो. (काळ्या तोंडाच्या वानराला या पिशव्या नसतात, तो मुळात पाला खाणारा.)

सोसायटीच्या मीटिंगमध्ये वही दाखवली तर काका म्हणाले, "मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढतोस?" दीड वर्ष वाद चालला. शेवटी गच्चीला कुलूप लागलं, ओला कचरा गाडी आल्यावरच खाली न्यायचा ठरलं, ड्रमला क्लिपवालं झाकण आलं, गुलमोहोराची गच्चीला टेकलेली फांदी पालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी काढून छाटली. खिडक्यांना लोखंडी जाळी लावली, कबुतरांची नायलॉनची जाळी ती दातांनी फाडतात. सरकत्या खिडक्या तर ती हातानेच सरकवतात, म्हणून रुळात आतून दांडा अडकवायचा.

आणि पुढचे दोन आठवडे त्रास वाढला! ड्रम आपटले, खिडक्या हलवल्या. इथेच लोक हार मानतात. मिळायचं ते बंद झालं की जनावर आधी जास्त जोर लावतं, मग सोडतं. या काळात एकदा जरी कोणी केळं दिलं तर ते शिकतं की चिकाटी ठेवली की मिळतं, आणि मग आधीपेक्षा वाईट. काकांनी दुसऱ्या शनिवारी कुलपाच्या जाळीतून बिस्किटं टाकलीच, त्यामुळे आमचे दोनाचे पाच आठवडे झाले. हे मी त्यांना अजून ऐकवतो.

पकडून लांब सोडा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. खाणं तिथेच राहिलं तर दुसरी टोळी येते आणि सोडलेली दुसऱ्याच्या घरात घुसतात. शिवाय हे वनखात्याचं काम आहे, आपण हात घालायचा नाही. १९२६ वर फोन करा.

गावचं विचाराल तर आमच्या वाडीत चाललेली गोष्ट एकच, राखण. तीपण झाडावर चढल्यावर आरडाओरडा करायची नव्हे, टोळी बागेच्या कडेला दिसली की लगेच चारपाच जणांनी आणि कुत्र्याने मिळून पार रानात लोटेपर्यंत. रोज त्याच वेळी त्याच जागी फटाके लावले तर सवय होते. नारळाच्या खोडाला गुळगुळीत पत्रा ठोकणं चालतं, पण झाड एकटं असेल तरच, झावळ्या एकमेकांना लागत असतील तर वरून उड्या मारतात. सोलर झटका कुंपणाचंही तसंच, वरून फांदी आली किंवा तारेला गवत टेकलं की संपलं. कडेच्या पट्ट्यात हळद, आलं लावा, ते सहसा खात नाहीत, पण त्याने आतली केळी वाचतील असं समजू नका. पाइपातली कार्बाइडची बंदूक मात्र नको, डोळे जातात लोकांचे.

हां, आणि माकड घरात असेल तर दात दाखवून हसू नका, डोळ्याला डोळा नको, त्याला ती धमकी वाटते, दार अडवून उभं राहू नका. ते आलं त्या खिडकीची वाट मोकळी ठेवून बाजूला व्हायचं, केळं गेलं तर जाऊ दे. चावलं किंवा ओरबाडलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनला जा.

काका आता शनिवारी कावळ्यांना शेव घालतात. माझ्याच खिडकीसमोर.