आधी अर्ज, मग रील

प्रश्न: "मी घरी आकाशकंदील बनवते. एक जण माझं डिझाइन उचलून, वर माझेच फोटो लावून निम्म्या किमतीत ऑनलाइन विकतोय. पोर्टलला कळवलं तर 'हक्काचा पुरावा द्या' एवढंच उत्तर आलं. आता काय करू?"

ताई, तुमची पोस्ट वाचताना तीन वर्षांपूर्वीची माझी दिवाळीच आठवली. माझाही कंदीलच होता, घडी घालून पाकिटात मावणारा. मी वकील नाही, जे भोगलं तेवढंच सांगते. वकिलाला दाखवल्याशिवाय नोटीस पाठवू नका.

माझी घोडचूक अशी. गणपतीच्या आधी मी कंदिलाचं रील टाकलं, खूप चाललं, ऑर्डरी आल्या. तेव्हा कुणीतरी म्हणालं, डिझाइन नोंदवून टाक. मग नवरात्रात अर्ज केला. एकट्या व्यक्तीला सरकारी फी 1000 रुपयेच आहे. मी भरलेले बाकीचे पैसे एजंटाचे. काही महिन्यांनी प्रमाणपत्र आलं, ते मी फ्रेम करून भिंतीवर लावलं. पुढच्या दिवाळीला नक्कल बाजारात आली. नोटीस पाठवली, तर समोरच्याच्या वकिलाने उत्तरासोबत काय जोडलं असेल? माझंच रील, तारखेसकट!

डिझाइन कायदा, 2000 प्रमाणे अर्जाच्या तारखेआधी डिझाइन कुठेही जाहीर झालेलं असेल तर ते नवीन धरत नाहीत. जाहीर करणारी मी स्वतः असले तरीही. प्रमाणपत्र मिळालेलं असलं तरी या कारणावरून ते रद्द करून घेता येतं. प्रदर्शनात मांडलं तरी तेच. सवलत फक्त सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आहे, तीही आधी कळवून आणि सहा महिन्यांच्या आत अर्ज करून. सोसायटीच्या हॉलमधला स्टॉल त्यात बसत नाही. एजंटाने "आधी कुठे दाखवलंय का?" हा एक प्रश्न विचारला असता तर माझे पैसे आणि एक आख्खा सीझन वाचला असता. त्याचं उत्तर काय, तर "तुम्ही सांगितलं नाहीत." असो.

"पण चित्र माझं, मग कॉपीराइट आहेच की," असं मीही म्हणत होते. इथे दुसरा खड्डा आहे. जे डिझाइन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्यावरचा कॉपीराइट ती वस्तू औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त वेळा बनली की संपतो. माझ्या पाकळ्या डाय मारून कापलेल्या, दोनशे नग गेले होते. पूर्ण हातकाम असेल तर वेगळा वाद घालता येतो, पण त्यासाठी चांगला वकील लागेल.

म्हणून तुम्ही फोटो धरा. फोटोवरचा कॉपीराइट काढल्या क्षणी तयार होतो, त्याला नोंदणी लागत नाही. मी पोर्टलला आधी "माझं डिझाइन चोरलं" असं लिहीत राहिले आणि तीन वेळा ठरावीक उत्तर आलं. चौथ्यांदा लिहिलं, "या चार लिंकांवरचे फोटो माझे आहेत", सोबत कॅमेऱ्यातली मूळ फाइल आणि त्याच वेळी काढलेले, कधीच न टाकलेले आणखी पाच-सहा फोटो दिले. चारही लिंका उतरल्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो पाठवू नका, त्यातला कॅमेऱ्याचा तपशील उडालेला असतो.

मात्र फोटो कुणी काढले ते आधी बघा. तुम्ही पैसे देऊन काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल तर हक्क तुमचा. माझे मावसभावाने प्रेमाने फुकट काढले होते, म्हणजे कायद्याने मालक तो! त्याच्याकडून सही करून हक्क लिहून घेतला. त्या कागदात मुदत लिहा, नाहीतर पाच वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

खोटी आशा दाखवत नाही. माझी नक्कल करणाऱ्याने आठवड्यात स्वतः फोटो काढून तोच कंदील परत लावला, आणि त्यावर मला काही करता आलं नाही. त्यानंतर नवीन नमुना आधी अर्ज, मग रील, असंच करते. दर वर्षी एकच नमुना नोंदवते, सगळे परवडत नाहीत.

आणि हो, तक्रार करायच्या आधी त्याच्याकडून एक कंदील मागवा. तुमच्या नावाने नको, भावाच्या वगैरे नावाने. पाकीट, बिल, पाठवणाऱ्याचा पत्ता जपून ठेवा. लिंक उतरली की हे काहीच सापडत नाही, आणि वकील पहिल्यांदा तेच मागतो.