२० मिमी प्लेटच्या बट जॉइंटमध्ये स्लॅग नेमका कुठे अडकतो?

प्रश्न: २० मिमी माइल्ड स्टीलच्या दोन प्लेट ७०१८ रॉडने बट जॉइंट करतोय, फ्लॅटमध्ये. यूटीत वरून १३-१४ मिमी खोल, एका कडेला लांबट स्लॅग दाखवला. बेव्हल किती ठेवू आणि रन कसे टाकू?

वरून १४ मिमी म्हणजे तळापासून ६ मिमी. तुमचा रूट संपून दुसरा रन जिथे बसतो, नेमकी तीच जागा. त्यामुळे फिलिंग आणि कॅपिंगवर फार डोकं खपवू नका, दोष खालच्या दोन रनमध्ये आहे. तो लांबट आहे आणि कडेलाच आहे, म्हणजे रूटच्या बाजूच्या खाचेत स्लॅग राहिला आणि पुढच्या रनने तो न वितळवता झाकून टाकला.

आधी बेव्हल. प्रत्येक प्लेटला ३० अंश, म्हणजे एकूण ६० अंशांचा व्ही. रूट फेस २ मिमी, गॅप ३ मिमी. या मापात व्हीचं तोंड वर साधारण २४ मिमी उघडतं. ४५ अंशांचा व्ही केला तर तोंड १८ मिमीवर येतं. मीटरमागे भरायचं धातू दोन किलोच्या जवळून दीड किलोवर उतरतं, म्हणून सुपरवायझरला ते आवडतं. पण अरुंद व्हीत रॉड कडेकडे कलवताच येत नाही, आर्क भिंतीला लागत नाही आणि खाच तशीच राहते. हाताने रॉड चालवणार असाल तर ६० सोडू नका. रॉड वाचवायची असेल तर प्लेट उलटता येते का ते बघा आणि दोन्ही बाजूंनी व्ही करा. त्यात खर्च याहूनही कमी होतो.

पग मशीनने कापताना टॉर्च ३० अंशांत कलला की ज्योतीला २० नव्हे, २३ मिमी जाडी कापावी लागते. नोझल आणि वेग त्या हिशेबाने घ्या, नाहीतर कापाला खोल रेघा पडतात. कापलेला भाग आणि दोन्ही बाजूंची २०-२५ मिमी पट्टी ग्राइंडरने चकचकीत होईपर्यंत घासा. कापाच्या रेघांत राहिलेली काळी पापडीसुद्धा पुढे त्रास देते.

रॉड कंपनीने सांगितलंय तशी भाजून घ्या (७०१८ ला साधारण ३००-३५० अंश) आणि पोर्टेबल ओव्हनमधूनच काढून वापरा. टॅक दोन्ही टोकांना उतरते घासा, म्हणजे रूट त्यांच्यावरून सरळ जाईल. वेल्ड पुढे सरकेल तसा गॅप आवळत जातो, म्हणून शेवटच्या टोकाला तो किंचित जास्त ठेवा.

रूट २.५ मिमीच्या रॉडने, ८०-९० अँपिअरवर, डीसीत रॉड पॉझिटिव्हला लावून, आर्क अगदी आखूड ठेवून. आता खरी गोष्ट. रूट थंड झाल्यावर त्याचा आकार बघा. मधे फुगीर आणि दोन्ही कडांना खोल चर असेल, तर चिपिंग हॅमर त्या चरात पोचत नाही. वायर ब्रश वरून चमक आणतो आणि काळी रेघ आत तशीच राहते. इथे पातळ डिस्क घ्या, मधला फुगवटा उतरवा आणि दोन्ही चर उघडे करा, रूट सपाट किंवा हलकासा पोटात गेलेला दिसेपर्यंत. वर बॅटरी तिरकी धरा. चरात काळी रेघ दिसली तर अजून घासा. जाडीची भीती नको, मागून गाउजिंग करणारच आहात.

दुसरा रन ३.१५ च्या रॉडने, ११५-१२५ अँपिअरवर, जरा गरम. रॉड दोन्ही कडांना क्षणभर थांबवा आणि मधून पटकन न्या. उलट केलं की परत तोच फुगवटा. पुढे व्ही रुंदावत जाईल तसे थरात आधी दोन, मग तीन रन शेजारी शेजारी टाका. एकाच रनला भलती झुलवणी देऊ नका. रुंदी रॉडच्या तारेच्या तिप्पट झाली की बास. शेजारचा रन आधीच्याच्या निम्म्यापर्यंत चढवा, नाहीतर दोघांमध्ये नवी खाच तयार होते. प्रत्येक थरानंतर स्लॅग पूर्ण काढायचा, अगदी रॉड बदलताना जोडाच्या ठिकाणीसुद्धा.

तीन-चार थर झाले की प्लेट उलटा. मागून ग्राइंडरने चर पाडत जा. मधे केसासारखी काळी रेघ दिसते, तो न वितळलेला रूट. रेघ पूर्ण नाहीशी होऊन सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत थांबू नका, आणि सोय असेल तर तिथेच डीपी टेस्ट करून घ्या. चर तळाशी गोल आणि वर उघडा ठेवा, नाहीतर वरची चूक खाली करून बसाल. मागची बाजू भरली की प्लेट परत सरळ करा. वरचा व्ही पृष्ठभागापासून दीड मिमी खाली ठेवा, म्हणजे कॅपिंगला दोन्ही कडा दिसत राहतात. कॅपची उंची ३ मिमीच्या आत.