ब्रिटनचं करवर्ष ५ एप्रिललाच का संपतं?

प्रश्न: आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, मग लंडनच्या पगारावरचा कर ५ एप्रिलपर्यंत का मोजतात?

उत्तर: जुन्या इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं आणि हिशेबही त्याच सुमारास मिटवत. १७५२ मध्ये कॅलेंडर बदलताना २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. ११ दिवस गेले, पण वर्षाचा कर पूर्ण हवा, म्हणून हिशेबाची तारीख ५ एप्रिलकडे सरकली. गंमत म्हणजे तिथल्या सरकारचं स्वतःचं वर्ष ३१ मार्चलाच संपतं. त्याच्याशी जुळवून घ्यायला १८६७ मध्ये भारतात १ एप्रिल आला; त्याआधी इथे १ मे होता.

त्यामुळे ३ एप्रिल २०२५ ला मिळालेला पगार तिकडे २०२४-२५ मध्ये, इकडच्या विवरणपत्रात २०२५-२६ मध्ये. पगारपत्रकं महिनावार जपून ठेवा.