ज्यांचे फोन लागले नाहीत

"मॅडम, यूपीएससीसाठी हिंजवडीची नोकरी सोडू का? पंचवीस अधिकाऱ्यांच्या मुलाखती ऐकल्या, त्यातल्या वीस जणांनी नोकरी सोडून अभ्यास केला होता. मला सोडवत नाही, म्हणजे माझ्यातच धमक नाही का?"

विचारणारा मुलगा सव्वीस वर्षांचा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्याने वहीत पट्टीने रेघा मारून तक्ता केला होता: नाव, नोकरी सोडली का, रोज किती तास, कितवा प्रयत्न. फार मनापासून केलेलं काम होतं, पण वहीतलं प्रत्येक नाव निवड झालेल्याचं होतं.

मी त्याच पानावर मांडून दाखवलं. समज, हजार जणांनी नोकरी सोडली आणि अडीचशे जणांनी नोकरी सांभाळून अभ्यास केला. दोन्हीकडे शंभरातले दोनच निवडले गेले. म्हणजे इकडचे वीस, तिकडचे पाच. हुबेहूब त्याच्या वहीतला आकडा, आणि तरी नोकरी सोडण्याचा फायदा शून्य. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले होते. खरे याहून कठोर आहेत: 2022 च्या पूर्वपरीक्षेला पावणेसहा लाखांच्या आसपास उमेदवार बसले आणि शेवटच्या यादीत 933 नावं आली. उरलेल्यांत नोकरी सोडलेले किती होते, हे कुठल्याच मुलाखतीत कळत नाही, कारण त्यांना कोणी मुलाखतीला बोलावत नाही.

मग त्याला सदाशिव पेठेतल्या त्याच्याच अभ्यासिकेत पाठवलं. तिथल्या भिंतीवर निवड झालेल्यांचे फोटो आहेत. मला हवी होती जुनी नोंदवही. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून आलेले अठरा जण अभ्यासिकेच्या काकांना आठवले. काकांनी स्वतः फोन लावले. अकरा जण बोलले. एकाची निवड झाली होती, बाकीचे बहुतेक पुन्हा खासगी नोकरीत होते, काही कमी पगारावर.

"अकरात एक, वाईट नाही," तो म्हणाला. मी थांबवलं. फोन कोण उचलतं? ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही आहे, तो आधी उचलतो. न बोललेले सात जण गाळले, तर वहीतली चूक आपण पुन्हा करतो. ते नापासच झाले असंही मला धरायचं नव्हतं. पण काका म्हणाले होते, "निवड झाली की पोरं पेढे घेऊन येतातच." म्हणून अठरात एक, हेच खऱ्याच्या जवळचं वाटलं.

नोकरी सोडणं चुकीचंच, असं एवढ्याशा अठरा नावांवरून ठरत नाही. नोकरी सांभाळणाऱ्यांची अशी यादी तर आमच्याकडे नव्हतीच. पण "माझ्यात धमक नाही" हा त्याने काढलेला निष्कर्ष त्या वहीतून निघतच नव्हता, आणि तोच त्याला रात्री झोपू देत नव्हता.

सध्या तो नोकरी सांभाळून एक प्रयत्न देतो आहे. ती सात नावं त्याने वहीत उतरवून घेतली आहेत. त्यांच्यापुढचा रकाना कोराच आहे.