चवथीच्या आधीचा एक महिना आणि पाच हजार रुपये

फोंड्यात घरगुती फराळाच्या दुकानात मी मार्केटिंग इंटर्न आहे. गणेश चवथीच्या नेवऱ्या आणि लाडवांसाठी मालकांनी पाच हजार रुपये दिलेत आणि महिन्याभरात इन्स्टाग्रामवर तीस पोस्ट मागितल्यात. कॅलेंडर कुठून भरायला घेऊ?

आधी स्वयंपाकघरात जा आणि कढईपाशी असलेल्या बायकांना विचारा, दिवसाला किती डबे होतात. कॅलेंडर या आकड्यावर उभं राहतं. हे मी चूक करून शिकले. पहिल्याच वर्षी एका दुकानासाठी मी भराभर पोस्ट टाकल्या, ऑर्डरी आल्या, आणि चवथीच्या तीन दिवस आधी चाळीस घरांना फोन करून पैसे परत करावे लागले. त्या घरांपैकी फार थोडी पुढच्या वर्षी परत आली.

समजा, तुमच्याकडे दिवसाला २५ डबे होतात. यंदा चवथ १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. शनिवार ५ तारखेपासून पुढच्या शनिवारपर्यंत आठ दिवस कढई चालली तर २०० डबे. नेहमीची गिऱ्हाइकं त्यातले १२० उचलतात असं मालक सांगत असतील, तर तुम्हाला नवीन गिऱ्हाइकांकडून मागायचेत फक्त ८० डबे. त्यासाठी तीस पोस्ट लागत नाहीत. एकट्या माणसाला नीट जमतील अशा बारा पुरेत, म्हणजे आठवड्याला तीन. रोज काहीतरी हवंच असेल तर स्वयंपाकघरातली दहा सेकंदांची स्टोरी टाका, तिला तयारी लागत नाही.

आता तारखा मागून पुढे भरा. ऑर्डर बंद मंगळवारी ८ सप्टेंबरला, किंवा ८० डबे भरले की त्याच क्षणी, जे आधी होईल ते. म्हणजे ७ तारखेच्या आठवड्यात विकायच्या पोस्ट जवळपास नाहीत. शेवटची आठवण, डबे कधी आणि कुठून न्यायचे, आणि नंतर घरोघरच्या गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली पोचलेल्या डब्यांचे फोटो. खरी मागणी ३१ ऑगस्टच्या आठवड्यात करायची. त्याच्या आधीच्या आठवड्यात, २४ ते ३० ऑगस्टला, भाव, डब्यात किती नग, ऑर्डर कशी द्यायची हे सगळं उघड सांगायचं. ‘भावासाठी मेसेज करा’ असं लिहिलं की निम्मी माणसं पुढे सरकतात, आणि उरलेल्यांना भाव सांगण्यात तुमचा दिवस जातो.

१७ ऑगस्टला सुरू होणाऱ्या पहिल्या आठवड्यात काहीच विकू नका. सारणाचा नारळ खवताना, नेवरीची कड मुरडताना, असं दाखवा. माटोळीला बांधायच्या फळांची एक पोस्टही याच आठवड्यात टाका: नारळ, सुपारीचे घोस, तोरिंग, घागऱ्या, प्रत्येकाखाली नाव. ही पोस्ट नव्या सुना आणि मुंबईला वाढलेली मुलं जपून ठेवतात, घरच्या ग्रुपवर पाठवतात. तिने एकही डबा विकला नाही तरी दुकानाचं नाव त्या घरांत पोचतं, आणि दहा दिवसांनी भावाची पोस्ट दिसते तेव्हा तुम्ही अनोळखी नसता.

बारापैकी आठ पोस्ट आधीच तयार करून मेटा बिझनेस सूटमध्ये वेळ लावून ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत. चार जागा मोकळ्या सोडा. आठवडाभर पाऊस थांबला नाही, नारळ महागला, एखादा प्रश्न दहा जणांनी विचारला, तर त्याच्यासाठी जागा लागते.

मागच्या महिन्यात मी एक रील बूस्ट केली, पंधराशे रुपये गेले. लाईक शेकड्यांनी आले, ऑर्डर एकही नाही. आमचा माल वाईट आहे का?

माल चाखल्याशिवाय कसं सांगू, पण हे लक्षण बहुतेक वेळा बूस्ट करताना निवडलेल्या दोन गोष्टींचं असतं.

पहिली, उद्देश. बूस्टचं बटण दाबल्यावर विचारतात, लोक प्रोफाइलवर यावेत, वेबसाइटवर जावेत की मेसेज करावेत. तुम्ही जे निवडाल ते करण्याची सवय असलेली माणसं ती यंत्रणा शोधते. प्रोफाइल निवडलंत तर बघून पुढे जाणारे मिळतात. दुकानाला ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर हवी असेल तर उद्देश मेसेजचाच हवा.

दुसरी, जागा. तुम्ही अख्खा गोवा निवडला असणार. मेटाच्या जाहिराती त्या भागात राहणाऱ्यांना जातात, तशाच नुकत्याच तिथे येऊन गेलेल्यांनाही जातात. म्हणजे कळंगुटला चार दिवस येऊन गेलेला पाहुणा तुमची नेवरी बघून लाईक देतो आणि विमानात बसतो. म्हणून राज्याचं नाव देऊ नका, दुकानावर पिन टोचा आणि त्याभोवती पंधरा किलोमीटरचं वर्तुळ घ्या. फोंड्याच्या दुकानाला त्यात मंगेशी, म्हार्दोळ, माशेल, शिरोडा मिळतात आणि किनारा बाहेर राहतो. देवळांना आलेले काही पाहुणे तरीही येतील. त्यांना कॅप्शनमधली पहिलीच ओळ गाळते: ‘डबा फोंड्याला येऊन न्यायचा आहे.’

पैशांचं गणित असं बसवा. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तेव्हा ३,००० रुपयांच्या जाहिरातीला ३,५४० बाजूला काढा. उरलेल्या १,४६० मध्ये फोनचा साधा स्टँड आणि चित्रणाला लागणारी ताटं, केळीची पानं येतात. थोडे शिल्लक ठेवा. आयफोनच्या अ‍ॅपमधून बूस्ट केलं तर अ‍ॅपलचं शुल्क वेगळं लागू शकतं, म्हणून तेच काम ब्राउझरमधून करा.

हे ३,००० एकदम लावू नका. २४ आणि २५ ऑगस्टला तीन वेगवेगळ्या पोस्टवर प्रत्येकी २०० लावा आणि फक्त एवढं मोजा: कुठल्या पोस्टवरून किती जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं सुरू केलं. एकीवरून नऊ आणि दुसरीवरून दोन आले तर उत्तर मिळालं. पाच आणि चार आले तर त्यात काही अर्थ काढू नका, इतक्या थोड्या पैशांत तेवढा फरक योगायोगानेही पडतो. मग ज्या पोस्टवरच्या गप्पांमधून खऱ्या ऑर्डरी झाल्या ती घ्या. उरलेले २,४०० त्या एकाच पोस्टवर, रोज ३०० प्रमाणे २९ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर. सगळे ८० डबे यातून गेले असं धरलं तरी डब्यामागे साधारण ४४ रुपये जाहिरातीचे पडतात. डबा ३५० चा असेल आणि त्यात मालकांना ६० रुपये सुटत असतील, तर हातात सोळाच राहतात. हे गणित मालकांना जाहिरात सुरू करण्याआधी दाखवा, नंतर नाही.

कॅमेरा नाही, फक्त फोन आहे. पावसात अंधारलेल्या स्वयंपाकघरात चित्रण कसं करू?

एकाच दिवशी सगळं उरका, सकाळी नऊ ते बारा. खिडकी किंवा मागचं दार तुमच्या बाजूला असेल असं ताट ठेवा आणि वरचा ट्यूबलाइट बंद करा. दोन रंगांचे उजेड मिसळले की तळलेली नेवरी हिरवट दिसते. ढगाळ दिवस उलट बरा, सावल्या मऊ पडतात. दमट हवेत आणि कढईच्या वाफेत लेन्सवर पातळ थर बसतो, तो फोनच्या पडद्यावर कळत नाही, मोठ्या पडद्यावर सगळं धुरकट दिसतं. दर दोन-तीन शॉटनंतर सुती फडक्याने पुसा.

फोन उभा धरा. रीलमध्ये खालच्या भागावर कॅप्शन आणि उजवीकडे बटणं येतात, म्हणून भाव किंवा तारीख तिथे लिहू नका. तळण्याचा चुरचुर आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, पुढच्या उत्तरात त्याचा उपयोग आहे.

रीलला गाजलेलं गाणं लावायचं होतं, पण दुकानाच्या अकाउंटवर ते दिसतच नाही.

बिझनेस अकाउंटला गाण्यांचा पूर्ण संग्रह मिळत नाही, कारण त्या गाण्यांचे हक्क धंद्यासाठी वापरायला दिलेले नसतात. स्वतःच्या अकाउंटवरून गाणं लावून तीच रील दुकानासाठी वापरायची युक्ती करू नका. आवाज बंद केला जातो किंवा बूस्ट नाकारलं जातं, आणि हे नेमकं चवथीच्या आठवड्यात कळतं. मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत मोफत चालतं. पण मला विचाराल तर तळणीचा आवाज आणि त्यावर मालकीणबाईंचं बोलणं यापेक्षा फराळाला दुसरं काही शोभत नाही.

मी सावंतवाडीची. कॅप्शन मराठीत लिहू, कोकणीत की इंग्रजीत?

दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचे मागच्या चवथीचे शंभर मेसेज वाचा. गिऱ्हाईक ज्या भाषेत आणि ज्या लिपीत ऑर्डर देतं, त्यात लिहा. एकाच पोस्टमध्ये तीन भाषांचे तीन परिच्छेद नकोत, कुणीच शेवटपर्यंत जात नाही. मराठीत लिहिलंत तरी शब्द इथले ठेवा: करंजी नको, नेवरी, गणेशोत्सव नको, चवथ. कोकणी ओळ घालायची तर दुकानातल्या कुणाकडून वाचून घ्या. सावंतवाडीची मालवणी आणि फोंड्याची कोकणी यांत जवळीक आहे, पण परकेपण कान लगेच ओळखतो.

महिन्याच्या शेवटी मालकांना काय दाखवू? त्यांना रीच वगैरे कळत नाही.

त्यांना रीच दाखवूच नका, वही दाखवा. त्यासाठी गिऱ्हाईक येण्याच्या प्रत्येक वाटेला सुरुवातीलाच वेगळी खूण द्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपची लिंक अशी बनवा की उघडल्यावर मेसेज आधीच लिहिलेला असेल:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Nevri-A
```

प्रोफाइलवरच्या लिंकला Nevri-A, काउंटरवर चिकटवलेल्या क्यूआरला Nevri-B, जाहिरातीतल्या तयार मेसेजला Nevri-C. आलेला पहिला मेसेजच सांगतो गिऱ्हाईक कुठून आलं. काही जण तो खोडून आपलं लिहितात, त्यांना सरळ विचारा, ‘आमचं कुठे बघितलंत?’ व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये लेबलं असतात. नवी ऑर्डर, पैसे यायचेत, पैसे आले, अशी ती लावत गेलात तर रोज संध्याकाळी मोजणी पाच मिनिटांत होते. भरलेल्या डब्यांचा आकडा तेव्हाच कढईकडे कळवा.

ब्रॉडकास्टवर भिस्त ठेवू नका. ज्यांनी दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून डबा देतानाच नंबर सेव्ह करून घ्या.

मालकांना एक पान द्या: कुठल्या खुणेवरून किती चौकश्या, किती डबे, किती पैसे गेले. त्याच पानाच्या मागे दुसरी यादी लिहा, ऑर्डर बंद झाल्यावर कोण कोण आलं आणि दुकानात नसलेलं काय मागितलं. मी काम केलेल्या एका दुकानात त्या मागच्या यादीत ‘खाजे आहे का?’ हा प्रश्न सतरा वेळा निघाला. मालकांनी पुढचा भाग वरवर बघितला आणि मागची यादी घडी घालून खिशात ठेवली.