सभेआधी टिपण वाचून या, हे कसं सांगावं

प्रश्न: मी आमच्या मच्छीमार सोसायटीचा नवा सचिव आहे. सभेआधी कागद पाठवतो, पण संचालक न वाचताच येतात आणि निर्णय पुढच्या सभेवर जातो. आठवण कशी करावी?

उत्तर: मी मालवणकडच्या अशाच एका संस्थेचं सचिवपद सांभाळतो. माझ्या अनुभवात लोक आळसामुळे वाचत नाहीत असं क्वचितच असतं. विषयपत्रिकेत 'बर्फ कारखान्याबाबत चर्चा करणे' एवढंच लिहिलेलं असतं. चर्चा तर तिथे बसूनही करता येते, मग आधी वाचायचं कशासाठी? सभेत आपल्याला कशावर हो किंवा नाही म्हणायचं आहे हे कळलं, की माणूस कागद उघडतो.

म्हणून आठवण लिहायला घेण्याआधी ठराव लिहून पाहा. 'असे ठरले की...' यापुढचं वाक्य एका दमात पूर्ण होत नसेल, तर विषय अजून सभेपुढे नेण्याजोगा झालेला नाही. किंवा त्यात दोन निर्णय अडकलेले आहेत आणि ते वेगळे करायला हवेत. आमच्याकडे कॉम्प्रेसरचा प्रश्न होता, आणि पैसे कुठून आणायचे हा प्रश्न त्याच्याच पोटात होता. दोन्ही एकत्र ठेवले असते तर सगळी सभा कर्जावरच गेली असती. अध्यक्षांशी बोलून पैशाचा विषय पुढच्या सभेला ठेवला.

नियमाप्रमाणे सभेची सूचना मुदतीत जातेच, आठवण तिच्याहून वेगळी. मी ती दोन दिवस आधी संध्याकाळी पाठवतो. त्या वेळची आठवण अशी होती:

'नमस्कार. गुरुवारी संध्याकाळी 5 वाजता कार्यालयात सभा आहे. एकच निर्णय घ्यायचा आहे: बर्फ कारखान्याचा जुना कॉम्प्रेसर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा. त्यासाठी टिपणाचं फक्त दुसरं पान वाचून यावं, दहा मिनिटं लागतील. दोन्ही कोटेशनं तिथे शेजारी-शेजारी दिली आहेत. 1 ऑगस्टला मासेमारी सुरू होते. गुरुवारी ठरलं नाही तर त्याआधी काम होणार नाही आणि बर्फ बाहेरून आणावा लागेल. वाचताना जो प्रश्न पडेल तो बुधवारी रात्रीपर्यंत मला कळवा, उत्तर काढून ठेवतो.'

यातलं तारखेचं वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते हे कोणाला सांगावं लागत नाही, पण निर्णय लांबला तर काय होईल ते लिहावं लागतं. ते खरंच असावं. उगाच घाई दाखवलीत तर पुढच्या वेळी तुमच्या तारखेवर कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि तुमचं स्वतःचं मत आठवणीत येऊ देऊ नका. 'नवा कॉम्प्रेसर मंजूर करणे' असं लिहिलं, की ज्यांना दुरुस्ती हवी असते ते कागद न वाचताच विरोधाच्या तयारीने येतात.

ग्रुपवर टाकलेली पीडीएफ पुष्कळांच्या फोनवर उघडतच नाही, म्हणून त्या एका पानाचा फोटो प्रत्येकाला वेगळा पाठवा. वाचलं का असं विचारलंत तर अंगठा येतो, त्यावरून काही कळत नाही. प्रश्न मागितला तर कळतं. 'खर्च किती?' असं कोणी विचारलं तर पान उघडलेलंच नाही, कारण आकडा तिथेच आहे. आमच्या एका संचालकांनी विचारलं, 'अमोनिया परत भरायचा खर्च यात धरला आहे का?' दुरुस्तीच्या कोटेशनात तो धरलेलाच नव्हता. बुधवारी विचारलं गेलं म्हणून गुरुवारी आकडा हातात होता. सभेत विचारलं असतं तर तेवढ्याच कारणाने विषय पुढे गेला असता.

वयस्कर संचालकांना मी फोन करतो किंवा जेटीवर भेटून पान वाचून दाखवतो. वाचता न येणं आणि न वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना एकच आठवण लागू पडत नाही.

तरीही सभेत कोणीतरी म्हणेलच, 'आधी काय ता थोडक्यात सांग रे.' तेव्हा टिपण तोंडी सांगत बसू नका. ते ऐकून, वाचून आलेल्यांना आपण उगाच वाचलं असं वाटतं आणि पुढच्या वेळी तेही वाचत नाहीत. त्याऐवजी पानाच्या प्रती सगळ्यांना द्या, पाच-सात मिनिटं शांतपणे वाचू द्या आणि मग निर्णयाचं तेच वाक्य वाचून दाखवा. ही सवय अध्यक्षांनी लावली तर टिकते, त्यामुळे त्यांच्याशी आधीच बोलून घ्या.

ज्या विषयात काहीच ठरवायचं नाही, नुसती माहिती द्यायची आहे, त्यासाठी अशी आठवण पाठवू नका. आणि खर्चाचा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यात कधीच घेऊ नका. तिथे कोणीच वाचून आलेलं नसतं.